आधी डोळे मिटून ऐका: घरातल्या मोठ्यांसाठी 'फायरफ्लाईज' लावू की 'ओन्ली यस्टर्डे'?

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच गोष्ट विचारलीय, की घरच्यांना एखादा ॲनिमेशन पिक्चर दाखवायचाय पण ते म्हणतात कार्टून काय बघायचं, ते पोरांचं असतंय, तर पहिला कुठला लावू. विचारणारे सगळे स्वतः बघणारे आहेत, त्यामुळे ॲनिमेशन म्हणजे काय आणि जपानी वेगळं कसं हे सांगत बसत नाही. यादी पण देत नाही, नेटवर पन्नास याद्या पडल्यात आणि सगळ्यांत तेच ते दहा पिक्चर असतात. माझ्या घरी मी दोन पिक्चरमध्ये अडकलो होतो, दोन्ही एकाच दिग्दर्शकाचे, इसाओ ताकाहाताचे, एक १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' आणि दुसरा १९९१ चा 'ओन्ली यस्टर्डे'. दोन्हीत जादू नाही, राक्षस नाही, बोलणारे प्राणी नाहीत. माणसंच माणसं. म्हणून तर हे दोनच उरले होते.

आधी एक सांगतो, 'कार्टून पोरांचं' म्हणणाऱ्या माणसाला मागासलेला वगैरे समजू नका. आमच्याकडं १९९३ ला दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तेवढ्यावर सगळ्या गल्लीचं ॲनिमेशनबद्दलचं मत तयार झालं, आणि तो मोगली जपानात काढलेला होता हे कुणाच्या गावी पण नव्हतं. आणि तसं बघायला गेलं तर मोठी माणसं बघतात की, २०२५ ला 'महावतार नरसिंह' आला तेव्हा आमच्या कॉलनीतल्या आज्ज्या चपला बाहेर काढाव्या का विचारत थेटरला गेल्या. पण त्यांना विचारा कार्टून बघून आलात का, तर रागावतील. ते देवाचं होतं, कार्टून कुठलं! म्हणजे हाताने काढलेलं किंवा कॉम्प्युटरवर केलेलं चित्र यांना चालतं, अडतं दुसरंच काहीतरी. ते दुसरं काय हे मला आमच्या आण्णांच्या मोतीबिंदूने शिकवलं.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, जत तालुक्यातले, सगळी हयात कोरडवाहू शेतीत गेली. मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गावी धूळ फार म्हणून दहा-बारा दिवस आमच्याकडं सांगलीला विश्रामबागेत राहिले. डोळ्यावर काळा चष्मा, दिवसातून चार वेळा ड्रॉप, टीव्ही जास्त बघायचा नाही. मग आण्णा हॉलमधल्या दिवाणावर डोळे मिटून पडायचे आणि टीव्ही ऐकायचे. त्यांना सवयच होती म्हणा, तरुणपणी आकाशवाणी सांगलीवरच्या श्रुतिका ऐकत ज्वारी राखलेला माणूस.

त्याच दिवसांत एका शनिवारी मी बायकोसाठी 'फायरफ्लाईज' लावला. ती पण 'कार्टून नको' पार्टीतलीच, पण युद्धावरचा आहे म्हटल्यावर बसली. माझ्याकडं जी प्रत होती तिच्यात इंग्रजी डबिंग होतं, आणि मी शहाणपणा करून तेच लावलं, म्हटलं खाली वाचायचा त्रास नको. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, १९४५, कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई जाते, चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण उरतात. पहिल्याच मिनिटाला पिक्चर सांगून टाकतो की पोरगा मेलेला आहे, पुढं फक्त कसा ते बघायचं. एवढं गंभीर सगळं चालू आहे, बायको मोबाईल बाजूला ठेवून बघतीय, आणि ती छोटी पोरगी बोलायला लागली तसे दिवाणावरून आण्णा म्हणाले, "पोरं झोपली न्हाईत व्हय अजून? कार्टून बंद करा की आता."

आमची पोरं आजोळी गेली होती.

म्हणजे बघा, चित्र त्या माणसाने बघितलंच नव्हतं. डोळे मिटलेले होते, वरून काळा चष्मा. नुसत्या आवाजावरून त्याने ठरवलं की हे पोरांचं आहे. आणि मी पुन्हा मागं घेऊन ऐकलं तर माणूस बरोबर होता हो! त्या डबिंगमध्ये कुणीतरी मोठ्या बाईने लहान पोरीचा आवाज काढला होता, नाकातून, चिरका, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उगीच लाडात येणारा. आपल्याकडं बिस्किटाच्या जाहिरातीत असतो ना, तसाच. चित्रातली पोरगी उपाशी आहे आणि आवाज जाहिरातीतला. बायकोला पण तेच खटकत होतं पण तिला नेमकं काय ते सांगता येत नव्हतं, ती म्हणाली चांगलं आहे पण कार्टूनसारखं वाटतंय. अर्ध्यावर बंद केला.

दुसऱ्या दिवशी तोच पिक्चर जपानी आवाजात लावून बघितला, एकट्याने, आणि मुद्दाम पाच मिनिटं डोळे मिटून. जमीन-अस्मानाचा फरक. मूळ पिक्चरमध्ये त्या सेत्सुकोचा आवाज खरोखरच्या लहान मुलीचा आहे. आता जपानात पद्धत अशी की आधी चित्रं तयार करायची आणि मग कलाकारांनी पडद्याकडं बघत आवाज भरायचा, त्यामुळे तोंड तेवढं उघड-मीट होतं आणि शब्द त्यात बसवायचे. पण एवढ्या लहान पोरीला पडद्याकडं बघून वेळेत बोल म्हणून कसं सांगणार, म्हणून तिचा आवाज चित्रं पूर्ण व्हायच्या आधी रेकॉर्ड केला. ती अडखळते, मध्येच श्वास घेते, रडताना शब्द गिळते. ऐकताना वाटतं शेजारच्या खोलीत खरंच कुणाची तरी पोरगी रडतीय, आणि उठून बघावं.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे, ज्याला दाखवायचंय त्याला बोलवायच्या आधी दहाएक मिनिटं पुढं जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून ऐकायचं. भाषा कळाली नाही तरी चालतं. श्रुतिका वाटली तर लावा, जाहिरात वाटली तर भाषा बदला, आणि भाषा बदलून पण जाहिरातच वाटली तर तो पिक्चर पोरांना लावून द्या. याला काही शास्त्रीय आधार वगैरे नाही, माझ्या घरापुरतं सांगतोय. पण डोळे मोठे का काढलेत, केस निळे का, असल्या तक्रारी माणूस नंतर करतो, आधी कानाने नापास केलेलं असतं.

मग 'फायरफ्लाईज'च जपानीत का नाही दाखवला पुढं? दाखवला. बायकोला दाखवला, आमच्या शेजारी हायस्कूलमधून रिटायर झालेले गुरुजी आहेत त्यांना पण दाखवला. दोघांनी पूर्ण बघितला, एकोणनव्वद मिनिटांचाच आहे. 'कार्टून पोरांचं' हे वाक्य त्या दिवसापासून दोघांच्या तोंडून बंद झालं, तेवढं काम तो पिक्चर चोख करतो. अडचण त्याच्या पुढं आहे. गुरुजी चष्मा पुसत उठले आणि म्हणाले, "फार उत्तम हो, पण आता पुन्हा असलं काही मला बोलवू नका." आणि खरंच नाही आले, दोन महिने. बायको पण पुढचे कित्येक शनिवार विचारायची, आजचा त्या काजव्यांसारखा नाही ना? आपल्याला एक पिक्चर दाखवून पैज जिंकायची असेल तर हा आहेच. पण त्या माणसाने दुसरा, तिसरा मागावा असं असेल तर पहिल्याच दिवशी एवढं वाढायचं का, हे बघा बाबा तुमचं तुम्ही. गंमत म्हणजे जपानात हा थेटरात 'माय नेबर टोटोरो'बरोबर एका तिकिटात लागला होता, म्हणजे त्यांना पण बहुतेक कळलं असावं की हा एकटा पचत नाही.

आता 'ओन्ली यस्टर्डे'. याची गोष्ट सांगायला गेलं तर काहीच नाही. १९८२ साल, टोकियोत ऑफिसात काम करणारी सत्तावीस वर्षांची अविवाहित बाई, तिला दहा दिवसांची सुट्टी मिळते, ती थोरल्या बहिणीच्या सासरी, म्हणजे यामागाता भागात, खेड्यात जाते आणि रानात काम करते. आणि वाटेत रेल्वेत बसल्यापासून तिला आपली पाचवीतली वर्षं आठवायला लागतात. बस. एवढ्यासाठी ॲनिमेशन कशाला पाहिजे, साधा पिक्चर काढता आला असता की, असं मला पण पहिल्यांदा वाटलं होतं.

पण आवाजाच्या परीक्षेत हा पहिला येतो. मोठेपणीच्या भागात ताकाहाताने सगळीच रीत उलटी केली, आधी दोन्ही मुख्य कलाकारांना बोलायला लावलं, रेकॉर्ड केलं, आणि मग त्यांच्या बोलण्याला धरून चेहरे काढले. त्यामुळे गाडीत बसून दोघं बोलतात ते अगदी आपण सांगली-जत गाडीत बोलतो तसं आहे, एकमेकांचं वाक्य तोडून, मध्येच हसून, मध्येच गप्प. आणि लहानपणीच्या मुलीला आवाज लहान मुलीनेच दिलाय. डोळे मिटून ऐकलं तर कुठंही कार्टूनचा वास येत नाही.

याची एक किंमत पण आहे, ती लपवत नाही. बोलताना आपल्या गालाचे स्नायू हलतात ना, ते त्यांनी खरंच काढलेत. त्यामुळे ती बाई हसली की गालावर दोन रेषा पडतात. माझी बायको पहिल्या दहा मिनिटांत म्हणाली, "सत्तावीस कुठली, चाळिशीची वाटती." बऱ्याच लोकांना ते खटकतं. मला पण खटकलं होतं, नंतर सवय झाली. जपानी ॲनिमेशनमधली गुळगुळीत बाहुली पाहिजे असेल तर ती इथं नाही.

आण्णा महिन्याने तपासणीला परत आले, नवीन चष्मा लागला होता, डॉक्टरनी टीव्हीला परवानगी दिली होती. मी हाच लावला. जपानी आवाज, खाली इंग्रजी ओळी, आणि आण्णांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. सगळं वाक्य न् वाक्य सांगायचं नाही हे मला तिथं कळालं, तीन-चार वाक्यं झाली की एकदा सांगायचं, 'ती म्हणतीय लहानपणी आम्हाला गाव नव्हतंच,' एवढं बास होतं. कीर्तनात बुवा अभंग म्हणून थांबतात आणि मग अर्थ सांगतात, तसं.

पहिली वीस मिनिटं आण्णा निव्वळ माझ्या शब्दाखातर बसले होते. अननसाचा प्रसंग आला तेव्हा जरा सरळ झाले. घरात आयुष्यात पहिल्यांदा अख्खा अननस येतो, तो कापायचा कसा हे कुणालाच माहीत नसतं, तसाच ठेवून देतात, मग एकदाचा कापतात, सगळं घर ताटात फोड घेऊन बसतं आणि पहिला घास घेतल्यावर कुणीच काही बोलत नाही. कडक, आंबट. हळूहळू सगळे आपापली फोड सोडून देतात आणि धाकटी पोरगी हट्टाने खात राहते, कारण एवढी वाट बघितली होती. आण्णा म्हणाले, "आमच्यात पहिल्यांदा फ्लॉवर आणला तवा आसंच झालतं, आईनं देठाची भाजी केलती आन् फूल म्हशीला घातलं."

मग ती गावी उतरते, भल्या पहाटे, न्यायला आलेला गडी, म्हणजे दाजींचा लांबचा चुलतभाऊ, तिला छोट्या गाडीतून थेट रानातच घेऊन जातो. गाडीत शेतकऱ्यांची गाणी म्हणून कुठलीतरी हंगेरीची कॅसेट लावलेली. आणि धुकं फाटतं तसं पिवळं-केशरी रान दिसायला लागतं. मी सांगायला तोंड उघडणार तोपर्यंत आण्णा दिवाणावरून पुढं सरकले.

"आरं, ही करडई हाय की!"

करडईच होती. मी तोपर्यंत तो पिक्चर दोनदा बघितला होता आणि इंग्रजीत 'सॅफ्लॉवर' वाचून कसलंतरी जपानी फूल समजून पुढं गेलो होतो. जतकडच्या माणसाला एका नजरेत कळालं, काटेरी पानं, बोंडाच्या वर आलेला पिवळा झुबका. मग मला पॉज करायला लावला. आपल्याकडं करडई तेलासाठी, बी झोडायचं, कोवळी असताना पाल्याची भाजी करायची, आणि ज्वारीच्या कडेनं दोन तास करडई पेरली की काट्यामुळं जनावर आत शिरत नाही. हे लोक बी सोडून नुसत्या पाकळ्या खुडत होते, ते आण्णांना पटेना. "पाकळ्या घेऊन काय करत्यात?"

ते पुढं पिक्चरमध्येच सांगितलंय, आणि असं सांगितलंय की कृषी प्रदर्शनातला माणूस पण एवढं नीट सांगणार नाही. पहाटेच का खुडायचं, तर दवाने काटे मऊ असतात, ऊन चढलं की बोटं फाडतात. पाकळ्या धुवायच्या, पायाने तुडवायच्या, पिवळा रंग पाण्याबरोबर निघून जातो. मग झाकून ठेवून आंबवायच्या, कुटायच्या, भाकरीएवढ्या नाही पण चपट्या वड्या करून उन्हात वाळवायच्या. त्या वड्यांत लाल रंग राहतो, तो साध्या पाण्याला सुटत नाही, आणि त्याच्यापासून बायकांच्या ओठांचा रंग व्हायचा. पूर्वी त्या खुडणाऱ्या पोरींच्या हातात हातमोजे नसायचे, बोटांना काटे लागून रक्त यायचं आणि ओठाला तो रंग लावायची ऐपत त्यांची कधीच नव्हती, हे ती बाई रानात काम करता करता मनाशी म्हणते. मी हे मराठीत सांगितलं आणि आण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कुसुंबी म्हणत्यात ती हीच की मग." खरंच तीच, कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलाचा रंग. मी शाळेत मराठीला चांगले मार्क मिळवलेला माणूस, मला हे जोडता आलं नव्हतं.

इथून पुढं मला काही करावं लागलं नाही. तो गडी सेंद्रिय शेतीचं सांगायला लागला की आण्णा त्याच्याशी वाद घालायचे, भांगलणीला बायका कुठनं आणणार म्हणून, आणि एके ठिकाणी तो म्हणतो की शहरातली माणसं हे झाड, ओढा, रान बघून निसर्ग म्हणतात पण हे सगळं शेतकऱ्यानेच पिढ्यानपिढ्या घडवलेलं आहे, तिथं आण्णांनी मान डोलावली, कीर्तनात डोलवतात तशी. घरातली आजी मध्येच लग्नाचा विषय काढते तेव्हा काकी स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या आणि मग खाली बसल्याच.

तर माझा कल कुठं आहे ते तुम्हाला कळालं असेल. तरी 'ओन्ली यस्टर्डे'ची दुखणी सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. एक म्हणजे लांबी, एकशे अठरा मिनिटं, आणि संथ. जेवण झाल्यावर लावलात तर अर्धी मंडळी घोरतील, आम्ही चारला चहाबरोबर लावला होता. दुसरं, पाचवीतल्या मुलींना शाळेत पाळीबद्दल सांगतात तो भाग आहे आणि चांगला सात-आठ मिनिटं आहे. अगदी साधेपणाने दाखवलाय, पोरं चिडवतात, पोरी ओशाळतात, आपल्या शाळेत झालं तसंच. पण सासरे-सून एका खोलीत बसले असतील तर आधी माहीत असलेलं बरं. आण्णा त्यावेळी पाणी प्यायला उठले आणि दोन तांबे पाणी पिऊन आले. अमेरिकेत हा पिक्चर थेट २०१६ ला लागला, पंचवीस वर्षांनी, आणि त्याचं एक कारण हाच भाग मानतात, त्यांना पोरांचा पिक्चर म्हणून विकायचा होता ना. म्हणजे बघा, 'कार्टून पोरांचं' हा रोग काही आपल्याच गल्लीत नाही.

आणि तिसरं, ज्याला शेतीशी, गावाशी काही देणंघेणं नाही त्याला हा तेवढा भिडेल का, सांगता येत नाही. माझा एक मित्र जन्मापासून पुण्यात, त्याला अननस आवडला, करडई आली तिथं फोन बघायला लागला. त्याच्यासाठी मग 'पर्सेपोलिस' काढला, २००७ चा, फ्रेंच, बहुतेक सगळा काळा-पांढरा, इराणमध्ये १९७९ ची क्रांती होते तेव्हा लहान असलेल्या मुलीची स्वतःची गोष्ट. चित्रं अगदी सपाट, पोरांच्या पुस्तकासारखी, पण आवाज ऐका, त्यातली आज्जी जे बोलते ते ऐकून कुणी त्याला पोरांचं म्हणणार नाही. राजकारणावर तावातावाने बोलणारा माणूस असेल तर मी हाच लावेन. गुरुजी दोन महिन्यांनी परत आले ते याच्यासाठी.

खाली वाचायला अजिबातच नको असेल तर गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' आहे, हिंदी, एकेक चित्र हाताने रंगवलेलं. फुलं विकणारी पोरगी, काश्मीरमधून आलेला मुलगा, मुंबईचा रस्ता. आवाजाच्या परीक्षेत पास, सगळे आपल्या रस्त्यावर बोलतात तसं बोलतात. पण मध्येच स्वप्न सुरू होतं, मध्येच जुना काळ, आणि आण्णांनी पंधरा मिनिटांत तीनदा विचारलं की आता हा कोण. पहिला म्हणून नको, तिसरा-चौथा म्हणून छान. बायकोचा मात्र हा सगळ्यात आवडता, ती म्हणते तुझ्या करडईपेक्षा हा बरा. असू दे.

सिरीजच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका असं माझं मत. 'बोजॅक हॉर्समन' मला स्वतःला फार आवडते, घोड्याचं तोंड असलेला उतरणीला लागलेला नट, आणि आवाज इतका खरखरीत, थकलेला मोठ्या माणसाचा की डोळे मिटले तर घोडा आहे हे विसरायला होतं. पण सत्त्याहत्तर भाग आहेत आणि पहिले सहा-सात निव्वळ टवाळकी. 'थोडे भाग सहन कर, पुढं चांगलं आहे' हे आपण आपल्या वयाच्या माणसाला सांगू शकतो, चुलत्याला नाही. शिवाय विनोद सगळे इंग्रजी शब्दांचे, ते मराठीत सांगायला गेलो की माझाच विनोद व्हायचा. अगदीच दाखवायचा तर तिसऱ्या सीझनचा चौथा भाग एकटा दाखवा, सगळा समुद्राखाली घडतो आणि त्यात जवळजवळ कुणी बोलतच नाही. 'आर्केन' दिसायला भारी आहे, पण आमच्या घरात दोन मिनिटांत 'हा व्हिडिओ गेम कुणी लावला' झालं.

आता लावायचाच असेल तर दोन गोष्टी. खालच्या ओळी बारीक दिसतात म्हणून तक्रार येणारच, तर नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून अकाउंट उघडून त्या प्रोफाइलमध्ये `Subtitle appearance` असतं, तिथं अक्षर मोठं करून ठेवा, पाहुणे यायच्या आधी. आणि भाषा जपानी आहे ना ते पण आधीच बघा, आपोआप इंग्रजीवर गेलेली असते बऱ्याचदा.

दुसरी जास्त महत्त्वाची. 'ओन्ली यस्टर्डे'चा शेवट, म्हणजे खरा शेवट, नावं सुरू झाल्यावर आहे. ती परत जायला रेल्वेत बसते, गाणं लागतं, नावं वर सरकायला लागतात, आणि आपल्या लोकांना नावं दिसली की उठायची सवय. आण्णा उठले, काकींनी चहाचे कप गोळा केले, आणि टीव्हीने पण शहाणपणा करून चित्र कोपऱ्यात एवढंसं केलं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी पिक्चरची जाहिरात सुरू केली, खाली आकडे उलटे मोजतंय. `Watch Credits` असं एक बटन येतं, ते पटकन दाबायला लागतं. रिमोट आण्णांच्या उशीखाली होता. मी "आण्णा बसा, बसा, संपलं नाही" म्हणून ओरडतोय, ते चष्मा काढून डबीत ठेवायला लागलेले, म्हणाले नावं बघून काय करू मी. एकदाचा रिमोट सापडला, मागं घेतलं, आणि आण्णांनी उभ्या उभ्याच, एका पायात चप्पल घालून, शेवटची तीन मिनिटं बघितली. तोपर्यंत मी काही सांगत नव्हतो, सांगायची गरज पण नव्हती, तिथं कुणी काही बोलतच नाही. गाडीच्या त्या डब्यात लहानपणीची सगळी पोरं दिसायला लागली तशी आण्णांनी दुसरी चप्पल घालायची ठेवली आणि परत दिवाणावर बसले.